बेचाळीस फुटांचं कपाट, पाच शीट प्लाय

कपाटावर सनमायका चढला की सुताराचं निम्म्याहून अधिक काम कायमचं झाकलं जातं. आत कोणती प्लाय आहे, मागचा पत्रा किती जाडीचा आहे, दाराला आतूनही सनमायका लावताना किती काळजी घेतली, यातलं बाहेरून काही कळत नाही. भाव मात्र समोरच्या पृष्ठभागाच्या चौरस फुटावर सांगितला जातो. मग दोन सुतारांच्या भावात फरक दिसला की महागडा तो लुबाडणारा, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून काही सुतार व्हॉट्सॲप स्टेटसला आणि इन्स्टाग्रामला काम चालू असतानाचे फोटो टाकतात. चकचकीत तयार कपाटाच्या फोटोपेक्षा या अर्धवट कामाच्या फोटोंना जास्त किंमत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असं साधं कपाट घेऊ. समोरून मोजलं तर ते ४२ चौरस फूट भरतं. प्लायची एक शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. त्यामुळे सव्वा-दीड शीटमध्ये कपाट होईल, असा हिशोब घरमालकाच्या मनात तयार होतो आणि सुताराने पाच शीट आणायला सांगितल्या की संशय येतो.

आता कापणीचा कागद बघा. दोन बाजू आणि मधलं पार्टिशन, प्रत्येकी सात बाय दोन. एका शीटमधून असे दोनच तुकडे निघतात, म्हणजे तीन तुकड्यांना दीड शीट गेली. उरलेल्या अर्ध्या शीटमधून तीन बाय दोनचे दोन कप्पे. तिसऱ्या शीटमधून वरचा आणि खालचा सहा बाय दोनचा फळा, शिवाय एक कप्पा. चार दारं दीड बाय सात फुटांची. एका शीटमध्ये दोन बसतात आणि कडेला एक फुटाची पट्टी उरते. म्हणजे दारांना आणखी दोन शीट. एकूण पाच. कपाटात लागली १२६ चौरस फूट, विकत आली १६०. उरलेल्या ३४ चौरस फुटांतल्या लांब पट्ट्यांतून ड्रॉवर होतात, बाकीचे तुकडे वाया जातात. पाठीला सहा मिलिमीटरच्या दोन शीट वेगळ्या. हा कागद आणि त्याच खुणा पेन्सिलीने मारलेली शीट, असे दोन फोटो शेजारी टाकले की भाव कुठून येतो हे गिऱ्हाइकाला स्वतःच मोजता येतं.

दुसरा महत्त्वाचा फोटो कापलेल्या कडेचा. चांगल्या प्लायच्या कडेला थर सलग दिसतात. हलक्या प्लायमध्ये थरांच्या मध्ये काळी भोकं, पोकळ्या दिसतात. बिजागरीचा स्क्रू नेमका तिथे गेला तर काही महिन्यांत दार लोंबतं. त्याच फोटोत शीटवरचा शिक्का आला पाहिजे. आयएस ३०३ साधारण घरगुती कामाची, आयएस ७१० पाण्याला जास्त टिकणारी मरीन प्लाय. शिक्क्यावरचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. शिक्का वेगळ्या शीटचा आणि कड वेगळीची असू शकते, म्हणून दोन्ही एकाच फोटोत, आणि मागे त्याच घराची खिडकी किंवा भिंत दिसली तर बरं. सगळी रील झटपट संगीतावर पळत असेल आणि कड एकदाही थांबून दाखवली नसेल, तर मी सुताराला तो फोटो मागून घेईन.

दारांचंही असंच. सनमायका फक्त बाहेरून लावला तर दोन्ही बाजू ओल सारखी शोषत नाहीत आणि दार वाकतं. आतल्या बाजूला लावलेला साधा पांढरा सनमायका हा दिखाऊ खर्च नाही, तो दार सरळ ठेवण्याचा खर्च आहे. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन दारांवर सरळ पट्टी धरून फरक दाखवणारा फोटो यासाठी फार कामाचा.

पैशांबाबतीत सगळ्यात नाजूक जागा दुकानाची. अनेक ठिकाणी प्लायचे दुकानदार सुताराला कमिशन देतात आणि ते गिऱ्हाइकाच्या बिलात मिसळलेलं असतं. जो सुतार सामानाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावाने करून घेतो, मजुरी वेगळी लिहितो आणि नाव-पत्ता झाकून ते टाकतो, त्याच्या दराबद्दल शंकेला जागा उरत नाही. त्यासाठी घरमालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

फोटो सगळंच सांगत नाही. प्लायमधला डिंक किती पक्का आहे ते कडेवरून कळत नाही. काही सुतार उरलेला तुकडा पाण्यात उकळून दाखवतात. काही तासांत थर सुटले तर ती मरीन प्लाय नाही हे नक्की. न सुटले म्हणून ती मरीनच आहे असं ठरत नाही, कारण आयएस ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळावा लागतो. तेवढ्यापुरता शिक्का आणि बिलावरचा ब्रँड जुळतो का, हेच पाहावं.