अर्धा प्लेस्टेशन कुणाचा?

पुण्यात एकाच खोलीत राहणाऱ्या दोन मित्रांनी ४९,९९० रुपयांचा प्लेस्टेशन ५ निम्मे-निम्मे पैसे घालून घेतला. दोन वर्षांनी एकाला बंगळुरूला नोकरी लागली आणि भांडण जुंपलं. ‘बिल माझ्या नावावर आहे,’ एक म्हणाला. पण पैसे दोघांचे होते, हे यूपीआयच्या नोंदी सांगत होत्या.

खरी मेख गेम्समध्ये होती. डिस्क वाटून घेता येतात, विकताही येतात. ऑनलाइन घेतलेले गेम्स मात्र ज्याच्या खात्यातून घेतले त्याच्याकडेच राहतात. वर्गणी दोघांनी भरली असली, तरी ते दुसऱ्या खात्यात हलवता येत नाहीत.

शेवटी दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहिला. एकाने २८,०००, दुसऱ्याने ३२,०००. जास्त लिहिणाऱ्याने मशीन ठेवायचं आणि मधल्या किमतीचे, म्हणजे ३०,००० चे, निम्मे १५,००० द्यायचे. मला ही रीत आवडते, कारण फुगवून लिहिणाऱ्यालाच ती महागात पडते. ऑनलाइन गेम्स त्याच्याच खात्यात होते, म्हणून त्यांचे आणखी २,००० ठरले. कंट्रोलरवरून मात्र पुन्हा वाजलंच.