बटण दाबलं, पण यंत्र गप्प का?

वेंडिंग मशीन कसं वागावं हे ठरवताना इंजिनिअर आधी अवस्थांची आकृती काढतात. यूएमएल पद्धतीत भरीव काळा ठिपका म्हणजे सुरुवात. त्यातून निघालेला बाण ‘निवांत’ या गोल कोपऱ्यांच्या चौकटीत जातो. नाणं पडलं की पुढचा बाण ‘पैसे जमा’ या चौकटीकडे नेतो.

खरी गंमत तिथून ‘वस्तू देणे’कडे जाणाऱ्या बाणावर आहे. त्यावर घटना आणि चौकटी कंसात अट लिहितात:

```
बटण दाबले [जमा >= किंमत && साठा > 0]
```

समजा, बिस्किटपुडा 20 रुपयांचा आहे आणि तुम्ही 10 टाकून बटण दाबलंत. अट खोटी ठरते. दुसरा बाण नसेल, तर यूएमएलच्या नियमाप्रमाणे ती घटना सरळ सोडून दिली जाते. यंत्र गप्प राहतं आणि गिऱ्हाईक त्याला थपडा मारतं! म्हणून ‘पैसे जमा’तून निघून तिथेच परतणारा आणखी एक बाण हवा: `[जमा < किंमत]`, आणि त्यासोबत ‘आणखी 10 रुपये टाका’ असा संदेश.

तरीही एक भोक उरतंच. पैसे पूर्ण, पण पुडे संपलेले. या वेळी दोन्ही अटी खोट्या. त्यासाठी `[जमा >= किंमत && साठा == 0]` असा तिसरा बाण ‘पैसे परत’कडे काढावा लागतो.