शोमरोनी माणूस आपल्या गावच्या रस्त्यावर आणायचा तर

मैत्रिणींनो, गटाची मासिक बैठक असली की पोरंही मागं मागं येतात. हिशोब होईस्तोवर त्यांना गोष्टीत गुंतवायचं काम आमच्या गटात माझ्याकडं आहे. एकदा मी बायबलमधली एक जुनी दृष्टान्तकथा आजच्या गावात आणून सांगितली, अन् ती पार फसली. का फसली हे कळलं तेव्हा अशी गोष्ट कशी बसवायची तेही कळलं. तुम्हीही पोरांना गोष्टी सांगता, म्हणून लिहिते.

मूळ कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. एक पंडित येशूला विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका माणसाला लुटारू मारून टाकून देतात. देवळातला याजक बघतो अन् बाजूनं निघून जातो. देवळातलाच दुसरा सेवक, लेवी, तोही जातो. मग एक शोमरोनी येतो. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो, मालकाला दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे देतो आणि म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन.

मी काय केलं, गावच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून पडलेला दूधवाला दाखवला. लुटारू काढले, कारण चोर आले की पोरं चोरांचंच विचारत बसतात. तो बदल चालला. पण मदतीला मी शाळेचे सर आणले. एक पोरगी म्हणाली, “सर तर करतातच की मदत!” संपली गोष्ट.

चूक तिथंच होती. त्या काळी यहुदी लोक शोमरोनी लोकांना परके मानायचे, त्यांच्याशी व्यवहारही टाळायचे. ऐकणाऱ्याला ज्याच्याकडून मदतीची आशाच नाही, त्यानंच मदत करायची, हा या कथेचा कणा आहे. रस्ता, जनावर, धर्मशाळा, सगळं बदला, पण तिथं भला म्हणून ओळखला जाणारा माणूस बसवला की कणा मोडतो.

मग आपल्याकडं तो माणूस कोण? स्वतःलाच विचारा, पोरांना आपण कुणाकडं जाऊ नको म्हणून सांगतो? आमच्याकडं हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या घालून राहतात. ‘तिकडं जाऊ नको’ हे आमच्या प्रत्येक घरात म्हटलं जातं. म्हणून मी टोळीतली बाई घेतली. जातीचं नाव मात्र घेऊ नका. त्या जातीचं लेकरू समोर बसलेलं असलं तर त्याला सगळ्यांदेखत परकं केल्यासारखं होतं. आणि तुमच्या गावातल्या बायाच तोडीला जात असतील तर ही बाई चालणार नाही, दुसरं माणूस शोधा.

पुढून निघून जाणारे दोघं वाईट दाखवू नका. याजक अन् लेवी हे मानाचे लोक होते. माझ्या गोष्टीत पहिले गेले हरिपाठाला उशीर झालेले आजोबा. दुसरी गेली बचत गटाची अध्यक्षा, बँक बंद व्हायच्या आत हप्ता भरायचा म्हणून. हे ऐकून आमच्या बैठकीतली कुजबूज थांबली! पण मी ते काढलं नाही.

आता आजच्या गावातली खरी अडचण मोबाइल. पोरं लगेच विचारतात, “108 ला फोन का नाही केला?” रेंज नव्हती म्हणून सांगितलं तर त्यांना पटत नाही. त्यापेक्षा फोनलाच निमित्त करा. आजोबा म्हणतात, कुणीतरी केलाच असेल. अध्यक्षाताईही तेच म्हणतात. केलेला कुणीच नसतो. तोडणारी बाई फोन लावते, डोक्याच्या जखमेवर फडकं दाबून धरते, अँब्युलन्समध्ये सोबत बसते आणि त्याच्या घरची माणसं येईपर्यंत दवाखान्यात थांबते.

इथं ते दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे विसरू नका. फुकटची मदत दाखवली की गोष्ट हलकी होते. टोळीत खाडा पडला की मजुरी बुडते, वर मुकादम पैसे कापतो. माझ्या गोष्टीत तिचे दोन खाडे पडतात. पोरांनी खाडा म्हणजे काय ते विचारलं, तर थांबून नीट सांगा.

शेवटी येशू पंडितालाच विचारतो, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? तेवढंच तुम्ही विचारा आणि गप्प बसा. मूळ कथेतल्या पंडिताच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही, ‘ज्यानं दया केली तो’ एवढंच तो म्हणतो. आमच्याकडं दुसऱ्या वेळी बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच पोरगी हळूच म्हणाली, “ती... फडकं धरणारी.” आणि घरी जाताना तिनं आईला विचारलं, कोपीतल्या पोरांना आपल्या बैठकीला का बोलवत नाहीत?