डाग कुठल्या पानावर आहे?

एप्रिल संपताना गच्चीवरच्या कुंडीतलं कागदी लिंबू हमखास बिघडतं. काही पानांवर फिकट चट्टे येतात, काही पिवळी पडतात, काहींची तकाकी जाते. बहुतेक घरांत मग एकच उपाय होतो: कुंडीत मूठभर खत आणि पानांवर कीटकनाशक. हे टाळायला हवं, कारण उन्हाने करपलेल्या पानाला औषधाचा काही उपयोग नसतो आणि आधीच पाणी कमी पडलेल्या झाडाची मुळं जास्तीच्या खताने भाजतात. डागाच्या रंगावरून निदान होत नाही. आधी तो झाडावर कुठे आहे ते पाहावं लागतं.

मार्चभर आडोशाच्या बाल्कनीत असलेलं झाड एकदम गच्चीत नेलं, असं समजू. दोन-तीन दिवसांत पश्चिमेकडच्या, आकाशाकडे तोंड केलेल्या पानांवर पांढुरके, पुढे वाळक्या गवताच्या रंगाचे चट्टे उठले. आतल्या बाजूची पानं मात्र हिरवीच राहिली. चट्टा आलेल्या पानावर दुसऱ्या पानाची सावली पडत असेल, तर तेवढा भाग वाचलेला दिसतो आणि कड स्पष्ट असते. हे ऊन लागणं. सावलीत वाढलेल्या पानाला एवढा उजेड पेलत नाही. खात्री करायची असेल तर चट्ट्याच्या कडेने पेनाने रेघ ओढावी आणि पाच-सहा दिवसांनी पाहावं. झाड आता आडोशाला असेल, तर उन्हाचा डाग रेघेच्या आतच राहतो. ती पानं तोडू नयेत, आतल्या पानांना त्यांचीच सावली असते. झाड आडोशाला आणून दहा-पंधरा दिवसांत हळूहळू उन्हाची सवय लावावी.

त्याच झाडाची खालची जून पानं पिवळी होत असतील, तर प्रश्न वेगळा आहे. लिंबाच्या जून पानाच्या कडा पिवळ्या पडून देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियम कमी पडलं आहे. हे द्रव्य झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येतं. तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोहाला असं सहज हलता येत नाही. त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते: पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांचं बारीक जाळं. बोअरचं जड पाणी, चुनखडीची माती किंवा वारंवार टाकलेली राख यांमुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कुंडीत पाणी साचत असेल तरीही असंच होतं. मॅग्नेशियमसाठी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारावं.

इथे एक गुंता आहे. मॅग्नेशियम कमी पडलेलं पान कडक उजेडात जास्त लवकर पिवळं पडतं. घेवड्याच्या पानांवरच्या प्रयोगांत सावलीत झाकलेला भाग हिरवा राहिलेला दिसला आहे. म्हणजे ‘उन्हाकडचंच पान खराब झालं’ एवढ्यावर ऊन दोषी ठरत नाही. अशा वेळी शिरांकडे पाहावं. कमतरतेचा पिवळेपणा शिरांचा मान राखतो, उन्हाचा चट्टा शिरा ओलांडून जातो.

किडीचं नुकसान या दोन्ही नियमांत बसत नाही. लाल कोळी कोरड्या उन्हाळ्यातच फोफावतो, म्हणून त्याची गल्लत उन्हाशी होते. पानाचा रस शोषल्याने असंख्य बारीक फिके ठिपके पडतात आणि लांबून पान धुळकट वाटतं. फांदीखाली पांढरा कागद धरून ती टिचकीने झटकावी आणि अर्धा मिनिट थांबावं. कागदावरचे कण चालू लागले तर कोळी आहे. पानाची खालची बाजू दहापट भिंगातून पाहिली तर कोळी आणि कधी कधी त्याची बारीक जाळीही दिसते. पहिला उपाय पाण्याचा: पानांच्या खालच्या बाजूवर जोरात फवारा मारून कोळी धुऊन काढावा आणि दर तीन-चार दिवसांनी तसंच करावं. कडुनिंबाचं तेल वापरायचं असेल तर संध्याकाळीच. भर उन्हात तेलाने पान आणखी करपतं. कोवळ्या पानावरची चंदेरी नागमोडी रेघ मात्र नागअळीची, तिची गल्लत होतच नाही.

एक तपासणी लिंबूवर्गीय झाडांसाठी वेगळी ठेवावी. पिवळं पडलेलं पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही अर्धे जुळवावेत. कमतरतेचा पिवळेपणा दोन्हीकडे साधारण सारखा असतो. ठिगळं एकमेकांशी जुळतच नसतील, तर ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. सायला नावाची कीड तो पसरवते. तो खतानेही बरा होत नाही आणि फवारणीनेही. पानावरून नक्की निदानही करता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते. निकाल येईपर्यंत त्या झाडाची कलमं किंवा डोळे कुणालाही देऊ नयेत.