बोंडाचे पन्नास दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत 20 जूनच्या सुमारास, चांगल्या पावसावर कपाशी टोबली, तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाडांवर पाती दिसू लागतात. पाते म्हणजे कपाशीची कळी. तीन हिरव्या पाकळ्यांच्या कोनात ती झाकलेली असते. पाते दिसल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी फूल उमलते. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळसर-पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग सुकून गळते आणि मागे इवलेसे हिरवे बोंड राहते. हे बोंड फुटायला आणखी 45 ते 55 दिवस लागतात. कपाशीतल्या बऱ्याच खर्चाचे सोने किंवा माती या पन्नास दिवसांत ठरते.

समजा, एखादे फूल 1 सप्टेंबरला उमलले. त्याच दिवशी त्याच्या आतल्या कोवळ्या बियांच्या सालीवर धाग्यांची वाढ सुरू होते. कापसाचा प्रत्येक धागा ही एकच पेशी असते. पहिले सुमारे तीन आठवडे ती फक्त लांब होत जाते. तिच्या आत पाण्याचा दाब टिकला तरच ती ताणली जाते आणि हा दाब टिकवण्याचे मोठे काम पालाश करते. म्हणून सप्टेंबरमध्ये पावसाने दीर्घ दडी मारली किंवा जमिनीत पालाश कमी पडले, तर धागा आखूड राहतो. त्यानंतर कितीही पाऊस आला तरी तो पुन्हा वाढत नाही.

22-23 सप्टेंबरच्या सुमारास बोंड पूर्ण आकाराचे होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते तयार झाल्यासारखे वाटते, पण आतले निम्मे काम अजून बाकी असते. पुढचे तीन-चार आठवडे धाग्याच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढत जातात. त्यासाठी लागणारी साखर पानांतून येते. या काळात पाने लाल पडून गळाली, तर धागा लांब पण पोकळ राहतो. असा कच्चा धागा रंग नीट धरत नाही आणि सूत काढताना त्याच्या गाठी होतात. हे सगळे सुरळीत पार पडले, तर 20 ऑक्टोबरच्या आसपास बोंड फुटते.

झाडावरची सगळी बोंडे मात्र एका वयाची नसतात. खालच्या फळफांदीवर फूल उमलले की साधारण तीन दिवसांनी तिच्या वरच्या फांदीवरचे पहिले फूल उमलते, आणि त्याच फांदीवरचे पुढचे फूल सहा दिवसांनी. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस एकाच झाडावर पाते, फूल, कोवळे बोंड आणि भरलेले बोंड असे सगळे नांदत असते. या भरगच्च पंगतीला झाडाची साखर पुरत नाही, आणि झाड स्वतःच काही पाती व लहान बोंडे गाळते. दीर्घ ढगाळ हवा किंवा शेतात साचलेले पाणी असेल, तर ही गळ फार वाढते. दोन आठवडे ओलांडलेले बोंड मात्र सहसा गळत नाही. गळीच्या भीतीने फवारे मारण्यापूर्वी गळलेली पाती उचलून पाहावीत. त्यांना छिद्र नसेल, तर दोष अळीचा नसून पाण्याचा, उन्हाचा किंवा अन्नाचा असतो.

खताची वेळही यावरूनच उमजते. कोरडवाहू संकरित कपाशीला हेक्टरी 60 किलो नत्र, 30 किलो स्फुरद आणि 30 किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. स्फुरद आणि पालाश पेरणीच्या वेळी द्यायचे. नत्राचा निम्मा हप्ताही तेव्हाच, आणि उरलेला निम्मा महिन्याभराने, म्हणजे पाती लागण्याच्या तोंडावर. हा दुसरा हप्ता हुकला आणि फुलोऱ्यानंतर युरियाच्या गोण्या पडल्या, तर झाड बोंडांऐवजी पाला वाढवते. पाला कोवळा आणि दाट झाला की तुडतुडे व पांढरी माशीही वाढतात. बोंडे भरू लागल्यावर मुळांचा जोर कमी पडतो, म्हणून त्या काळात पानांवाटे दिलेले अन्न उपयोगी पडते. फुलोऱ्यानंतर 2 टक्के डीएपीची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, आणि बोंडे भरताना 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे 100 ग्रॅम, हे त्यातले रुळलेले उपाय. पाने लाल पडण्याच्या लाल्या विकृतीत बोंडे पानांतले नत्र आणि मॅग्नेशियम ओढून घेतात. तेव्हा 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेट कामाला येते, पण पाने पुरती लाल होण्याआधी.

वेळेचा सर्वांत कठोर हिशेब गुलाबी बोंडअळीचा. मादी पतंग पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि लवकरच बोंडात शिरते. तिचे सूक्ष्म छिद्र पुढे बुजून जाते. त्यानंतर बोंड बाहेरून निरोगी दिसते, आत अळी सरकी खाते, आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फवारणीला मिळणारा अवकाश एवढाच, साधारण आठवड्याचा.

तो अवकाश ओळखायला कामगंध सापळे लागतात. एकरी दोन सापळे पाती लागताच उभारावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली. दुसरी खूण फुलांत दिसते. आत शिरलेली अळी पाकळ्या जाळ्याने बांधते, फूल उमलत नाही. त्याला डोमकळी म्हणतात. ती तोडून नष्ट करावी. तिसरी तपासणी बोंडांची. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दोन-तीन आठवड्यांची 20 हिरवी बोंडे तोडून फोडावीत. दोन बोंडांत अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली गेली. लहान अळी पांढरी असते आणि मोठी झाल्यावरच गुलाबी होते. त्यामुळे गुलाबी अळी दिसेपर्यंत थांबलेला शेतकरी उशीरच करतो.

2017 साली विदर्भाने याची मोठी किंमत मोजली. भारतात बीटी कपाशी 2002 मध्ये आली, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले आणि अळीची भीती संपल्यासारखी वाटली. पण गुलाबी अळीने त्या प्रथिनांना प्रतिकार मिळवला. त्या हंगामात बोंडे फुटली तेव्हा आत डागाळलेला, घट्ट चिकटलेला कवडी कापूस निघाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. चुकीच्या वेळी मारलेले औषध पैसा वाया घालवते, आणि मारणाऱ्याच्या जिवावरही उठते.

या किडीचे मुख्य खाद्य कपाशीच आहे. फरदडीच्या लोभाने पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहिले, तर तिला खाणे मिळत राहते. मे महिन्यात पेरलेल्या कपाशीवर जून-जुलैतच पाती येतात, आणि सुप्तावस्थेतून उठलेल्या पतंगांना ती आयती सापडतात. त्या वेळी शेतात पाती नसतील, तर पतंग पुढची पिढी न वाढवताच मरतात. म्हणून पेरणी जूनच्या पावसावर करावी, डिसेंबरअखेर वेचणी आटोपून पऱ्हाटी उपटावी, आणि यंदा पहिले फूल दिसेल ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. सापळे, बोंडांची तपासणी आणि पानांवाटे द्यायचे अन्न यांचा हिशेब त्या तारखेपासून मांडावा.