आधण थोडं निवू द्या

आपल्याकडे चहा उकळायचा असतो. पावडर, साखर, आलं सगळं एकदमच पातेल्यात पडतं आणि रंग येईपर्यंत गॅस बंद होत नाही. त्या चहाला हे मानवतं, कारण कडूपणा झाकायला साखर असते आणि तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. हीच सवय ग्रीन टीला लावली की कपात जे येतं ते औषधासारखं नाक दाबून प्यावं लागतं. ‘ग्रीन टी कडूच असतो’ ही समजूत बहुधा अशाच कपांतून पसरली असावी.

दोन्ही चहा एकाच झाडाच्या पानांचे. काळ्या चहात पानं चुरगळून हवेवर ठेवतात. त्यात पानांतल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांचं रूप बरंच पालटतं. ग्रीन टीमध्ये पानं खुडल्यावर लवकरच तापवतात, जपानमध्ये वाफेवर आणि चीनमध्ये बहुतेक कढईत. त्यामुळे ही प्रक्रिया थांबते, पान हिरवं राहतं आणि कॅटेचिनही तसंच राहतं. कडू आणि तुरट चव मुख्यतः त्याची, जोडीला कॅफिनची. त्याच पानात थिअनिन नावाचं अमिनो आम्लही असतं. चहाची गोडसर, भरीव चव त्याच्यामुळे येते.

मेख अशी, की थिअनिन कोमट पाण्यातही सहज उतरतं, पण कॅटेचिन आणि कॅफिन भराभर उतरायला पाणी चांगलं कढत लागतं. म्हणजे पाणी जरा निववलं की गोडवा आधी येतो आणि कडूपणा मागे राहतो. वेळ आणि पानांचं प्रमाण हेही महत्त्वाचं, पण कडूपणाची पहिली चौकशी पाण्याकडेच करावी.

जपानी घरांत रोज होणाऱ्या सेंचा चहाचं उदाहरण घेऊ. दोन लहान कपांसाठी सुमारे 4 ग्रॅम पानं, साधारण दोन सपाट चमचे, आणि 160 ते 180 मिलिलिटर पाणी. पाण्याचं तापमान 70 ते 80 अंश. थर्मामीटर लागत नाही, कारण उकळतं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दर वेळी ढोबळमानाने दहा अंशांनी उतरतं. उकळलेलं पाणी आधी रिकाम्या किटलीत घ्या, तिथून दोन्ही कपांत ओता. आता ते ऐंशीच्या आसपास आलं. एवढ्यात कपही गरम होतात आणि पाणीही आपोआप मोजलं जातं. किटलीत पानं घालून कपांतलं पाणी त्यांवर ओता, झाकण ठेवा आणि एक मिनिट थांबा. ढवळू नका.

गाळताना एक कप पूर्ण भरून मग दुसऱ्याकडे वळू नये, नाहीतर पहिला पाहुणा फिका आणि दुसरा कडक चहा पितो. थोडा इकडे, थोडा तिकडे असं ओतत शेवटच्या थेंबापर्यंत किटली रिकामी करायची. तळाशी चमचाभर पाणी राहिलं तरी पानं त्यात मुरत राहतात आणि दुसऱ्या वाफ्याचा चहा कडू होतो. त्या दुसऱ्या खेपेला पाणी थोडं जास्त गरम चालतं, पण पानं आधीच उलगडलेली असल्यामुळे दहा-पंधरा सेकंद पुरे.

प्रमाणाच्या बाबतीत घोळ होतो तो काटकसरीतून. चिमूटभर पानं टाकायची आणि रंग येईना म्हणून पाच-सात मिनिटं ठेवायची. एवढ्या वेळात त्या चिमटीतलं कडू-तुरट सगळं पाण्यात येतं आणि तरी चहा पाणचटच लागतो. त्यापेक्षा पानं वाढवावीत आणि वेळ कमी करावा. चहा चाखल्यावर फिका पण गोडसर वाटला तर पुढच्या वेळी पानं वाढवा. फिका असून कडू वाटला तर पाणी निववा आणि वेळ घटवा.

टी-बॅगमध्ये पान बहुधा बारीक चुऱ्याच्या रूपात असतं, त्यामुळे अर्क झपाट्याने उतरतो. एका बॅगेला 200 मिलिलिटर पाणी, उकळी आल्यावर चार-पाच मिनिटं निववलेलं, आणि मुरवायला एक ते दीड मिनिट. काढताना बॅग पिळायची नाही.

कॅटेचिनसाठीच ग्रीन टी पिणाऱ्यांनी एक मात्र ध्यानात घ्यावं: पाणी निववलं की त्यातलं काही पानातच राहतं, म्हणजे चवीसाठी थोडी किंमत मोजावी लागते. मी ती मोजते, कारण न आवडणारा चहा चार दिवसांत सुटतो. आणि पान जुनं असेल, हिरव्याऐवजी तपकिरी दिसत असेल आणि वाळल्या गवतासारखा वास मारत असेल, तर पाणी कितीही निववा, चव परत येत नाही. म्हणून लहान पुडा घ्यावा आणि फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून आणि मसाल्यांच्या वासापासून लांब ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावा.