वेळेला बगल देऊन वेग

एखाद्या कणाचे त्वरण कायम असेल, तर शाळेत पाठ केलेले v = u + at हे समीकरण पुरते. त्वरण वेळेनुसार बदलत असेल, तरीही फार अडत नाही, कारण वेळेच्या संदर्भात संकलन केले की वेग हाती येतो. खरी अडचण येते ती त्वरण कणाच्या स्थानावर अवलंबून असते तेव्हा. पृथ्वीपासून दूर जाणारी वस्तू हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्यावरची गुरुत्वाची ओढ किती वेळ गेला यावर ठरत नाही, ती पृथ्वीच्या केंद्रापासून किती दूर आहे यावर ठरते.

अशा ठिकाणी वेळेनुसार संकलन करायला गेले की कोंडी होते. a हे x चे फल आहे, तेव्हा कोणत्या क्षणी त्वरण किती हे सांगण्यासाठी त्या क्षणी कण कुठे आहे हे ठाऊक हवे. आणि ते ठाऊक असते, तर गणित आधीच सुटलेले असते. ही कोंडी साखळी नियम फोडतो. वेग हा वेळेबरोबर बदलतो तसा स्थानाबरोबरही बदलतो. दर मीटरमागे वेग किती बदलतो हे dv/dx सांगते, आणि दर सेकंदाला कण किती मीटर सरकतो हे खुद्द v सांगतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, अर्थात त्वरण:

a = dv/dt = (dv/dx)(dx/dt) = v dv/dx

या मांडणीत वेळ उरतच नाही. v dv = a(x) dx असे लिहिले की डावीकडे फक्त वेग आणि उजवीकडे फक्त स्थान राहते, आणि दोन्ही बाजूंचे संकलन स्वतंत्रपणे करता येते. विद्यार्थ्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे यातला v विसरून dv/dx = a लिहिणे. एककांकडे पाहिले की ती लगेच पकडता येते, कारण dv/dx चे एकक ‘दर सेकंद’ आहे, तर त्वरणाचे ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’.

आता पृथ्वीच्या पृष्ठभागावरून u वेगाने सरळ वर फेकलेली वस्तू घेऊ. हवेचा विरोध आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे बाजूला ठेवू. केंद्रापासूनचे अंतर x आणि पृथ्वीची त्रिज्या R असेल, तर न्यूटनच्या व्यस्त वर्ग नियमानुसार a = −gR²/x². ऋण चिन्ह महत्त्वाचे आहे, कारण x वरच्या दिशेने वाढते आणि ओढ खाली आहे. R पासून x पर्यंत संकलन केले की मिळते:

v² = u² − 2gR²(1/R − 1/x)

R = ६४०० किमी, g = ९.८ मी/से² आणि u = ८ किमी/से घेऊ. 2gR ची किंमत किमी/से मध्ये मोजलेल्या वेगाच्या वर्गात १२५.४४ येते. ३२०० किमी उंचीवर x = ९६०० किमी, म्हणून v² = ६४ − १२५.४४ × १/३, म्हणजे सुमारे २२.२, आणि वेग सुमारे ४.७ किमी/से. वस्तू थांबते तिथे v = 0 ठेवले की उंची सुमारे ६६६७ किमी मिळते. g कायम धरून u²/2g हे नेहमीचे सूत्र वापरले असते, तर उत्तर अवघे ३२६५ किमी आले असते, म्हणजे खऱ्या उंचीच्या निम्म्याहूनही कमी. फेक काही किलोमीटरची असती, तर दोन्ही उत्तरांत फरक जाणवलाही नसता.

समीकरणातून वेगाचा वर्ग मिळतो, दिशा मिळत नाही. ३२०० किमी उंचीवर वस्तू वर जाताना जो वेग, तोच खाली येताना, फक्त उलट चिन्हाचा. कोणते चिन्ह घ्यायचे हे हालचाल पाहून ठरवावे लागते. v² ऋण आला, तर संकलन चुकले असे लगेच समजू नये. वस्तू त्या उंचीपर्यंत पोचतच नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

x कितीही वाढला तरी v शून्य होऊ नये यासाठी u² किमान 2gR इतका हवा. त्याचे वर्गमूळ ११.२ किमी/से, आणि हाच पृथ्वीचा मुक्तिवेग.

या पद्धतीचा जोर मात्र त्वरण केवळ स्थानावर अवलंबून असेपर्यंतच टिकतो. त्यात वेळही शिरला, उदाहरणार्थ इंधन जाळत जाणाऱ्या रॉकेटात, तर चले अशी सुटी होत नाहीत. आणि किती वेळ लागला हे हवे असेल, तर मिळालेल्या वेगावरून dt = dx/v चे आणखी एक संकलन करावे लागते. मुक्तिवेगाने निघालेल्या वस्तूसाठी v = √(2gR²/x) असल्याने ते सोपे आहे. चंद्राची ओढ न धरता त्याच्या अंतरापर्यंत, म्हणजे केंद्रापासून सुमारे 60R पर्यंत, पोचायला तिला जवळपास ४९ तास लागतात.